बाहेरच्या तज्ज्ञाला सल्ला-बैठकीचं निमंत्रण पत्र कसं लिहायचं: शेतकरी कंपनीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

मी वरुड तालुक्यातल्या एका संत्रा उत्पादक शेतकरी कंपनीचं ऑफिसचं काम पाहतो. आमचे ४१२ सभासद आहेत. ग्रेडिंग आणि वॅक्सिंगची लाईन घ्यायच्या आधी आम्ही नागपूरच्या एका निवृत्त शास्त्रज्ञ सरांना संचालक मंडळासोबत बसायला बोलावलं होतं. त्या पत्राच्या नादात आमच्याकडून एक मोठी चूक झाली आणि मग ती सुधारून दुसरं पत्र लिहिलं. तेव्हापासून मोर्शी, काटोल, नरखेडकडचे कंपनीवाले फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतो.

फोनवर बोलून बोलावलं तर नाही का चालत? पत्र कायले पाहिजे?

फोन आधी कराच, ओळख नसलेल्या माणसाला सरळ पत्र टाकणं आपल्याकडं जरा रुक्ष वाटते. पण फोनवर सर "हो येतो" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात एक असते आणि आपल्या डोक्यात दुसरं. त्यांना वाटते भाषण द्यायचं आहे, आपल्याला वाटते मशीन निवडून देतील. त्यांना वाटते दोन तास, आपण जेवणानंतर चार बागा दाखवायला नेतो आणि नागपूरला पोहोचता पोहोचता रात्रीचे दहा वाजतात. पत्रात तीन गोष्टी लिहून दिल्या की हे होत नाही: कशासाठी बोलावतो, काय बाहेर सांगायचं नाही, आणि त्यांचा एकूण किती वेळ जाईल.

पत्र किती मोठं असावं?

एक पान. फार तर सव्वा. कंपनीच्या लेटरहेडवर, म्हणजे त्यावर कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन नंबर, फोन, ईमेल हे सगळं असलं पाहिजे, कंपनी कायद्यानंच ते लागते. आमच्या जुन्या लेटरहेडवर सीआयएन नव्हता, तो नवीन छापून घेतला.

उद्देश कसा लिहायचा? आम्ही लिहिलं "आपल्या मार्गदर्शनाचा लाभ सभासदांना व्हावा", ते बरोबर आहे का?

नाही, आणि आमच्या पहिल्या मसुद्यात अगदी हेच वाक्य होतं. हे वाचून कोणताही तज्ज्ञ भाषणाची तयारी करून येते, लागवडीपासून सुरू करते, आणि आपल्याला ज्याच्यावर निर्णय घ्यायचा ती गोष्ट शेवटच्या दहा मिनिटांत येते.

मी म्हणतो आधी संचालक मंडळाला एकच विचारा, या बैठकीनंतर आपण कोणता निर्णय घेणार आहो? आमचं उत्तर होतं, लाईन किती क्षमतेची घ्यायची. मग त्याच्याखाली तीन प्रश्न लिहिले. पहिला, आंबिया बहाराच्या तोडीत आमच्याकडं दिवसाला जास्तीत जास्त ४० टन माल येते, तर ताशी किती टनाची लाईन पुरेल. दुसरा, नागपुरी संत्र्याची साल ढिली असते, ब्रशवर ती देठाजवळ फाटते, तर ब्रश आणि वेग कसा असावा आणि ते मशीन पाहतानाच कसं तपासायचं. तिसरा, धुण्याला पाणी किती लागेल आणि ते पुन्हा वापरता येईल का, कारण वरुड-मोर्शीत भूजलाचा उपसा आधीच हद्दीबाहेर गेलेला आहे, हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही.

हे तीन प्रश्न पत्रात गेल्यामुळं काय झालं ते सांगतो. आम्ही मनात ४० टन भागिले ८ तास, म्हणजे ताशी ५ टन असं धरून बसलो होतो. सरांनी पत्र वाचून बैठकीच्या आधीच फोन केला आणि विचारलं, हे ४० टन किती दिवस येतात? आम्ही मागच्या हंगामाचं आवक रजिस्टर काढलं, पान पलटवत मोजलं, तर फक्त १८ दिवस. बाकी दिवस २० च्या आसपास. मग बैठकीत हिशोब असा झाला: ताशी ३ टनाची लाईन, गर्दीच्या दिवसांत दोन पाळ्या म्हणजे १६ तास, तर ४८ टन, त्यातून थांबणं, सफाई, लाईट जाणं असं १५ टक्के वजा केलं तरी ४० च्या वर. म्हणजे ५ टनाची गरजच नव्हती. प्रश्न आकड्यानिशी पत्रात नसता तर हा फोन आलाच नसता, आणि बैठकीतले तीन तास रजिस्टर शोधण्यात गेले असते.

पत्रासोबत कोटेशन, प्रकल्प अहवाल, सभासदांची यादी सगळं जोडून पाठवू का? म्हणजे सरांना अभ्यास करता येईल.

नका पाठवू. इथेच आम्ही फसलो.

आमचं पहिलं पत्र या सरांना नव्हतं, त्याआधी दुसऱ्या एका जाणकाराला होतं, नाव सांगत नाही. उत्साहात मी एकाच पीडीएफमध्ये तिन्ही मशीनवाल्यांचे कोटेशन, बँकेच्या कर्जाचे कागद आणि सभासदवार यादी, म्हणजे कोणाचे किती झाडं, किती टन माल, बाग विकली की नाही, असं सगळं जोडलं आणि व्हॉट्सअॅपवर पाठवलं. वर लिहिलं "कृपया गोपनीय ठेवावे". त्या माणसानं अजून हो म्हटलं नव्हतं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यानं आपल्या एका ओळखीच्याला विचारलं की हा भाव बरोबर वाटते का, आणि फाईल पुढं गेली. चौथ्या दिवशी एका मशीनवाल्याचा फोन, "भाऊ, त्यानं तुम्हाले अठ्ठावीस लावले न, मी साडेसत्तावीस लावतो." ऐकायला फायद्याचं वाटते, पण आता तिघंही सत्तावीस-अठ्ठावीसच्या मध्ये येऊन बसले आणि खाली यायला कोणी तयार नाही, कारण दुसरा कुठं आहे हे प्रत्येकाला माहीत. घासाघीस तिथंच संपली. त्याहून वाईट म्हणजे एका व्यापाऱ्याला कळलं की कोणाच्या बागा अजून विकायच्या आहेत. आमचा एक म्हातारा सभासद ऑफिसात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाप्पा, माह्या बागेचा हिशोब त्याले कसा मालूम?" मला उत्तर देता आलं नाही.

गोष्ट अशी आहे की ज्यानं अजून वचन दिलं नाही त्याच्यावर "गोपनीय ठेवावे" असं आपण परस्पर लादू शकत नाही. कागद त्याच्या हातात गेला, वचन नंतर मागितलं, याला काही अर्थ नाही. म्हणून टप्पे दोन ठेवा. आधी निमंत्रण पत्र, ज्यात फक्त विषय, प्रश्न, वेळ आणि "कागद गोपनीय राहतील" ही सूचना. ते पत्र उद्या चौकात चिकटवलं तरी नुकसान होणार नाही इतपतच मजकूर त्यात. मग त्यांचा होकार आणि एक पानी सही केलेलं हमीपत्र आलं की मगच कागद.

पत्रातल्या आकड्यांचंही तसंच. दिवसाला ४० टन आवक हा आकडा बाजारात कोणीही अंदाजानं सांगेल, तो चालते. कोटेशनची रक्कम, बँकेची मर्यादा, खरेदीदारासोबत चाललेला भाव हे आकडे पत्रात येऊ देऊ नका.

मग नेमकं काय गोपनीय आणि काय नाही?

सगळंच गोपनीय असं लिहू नका, तज्ज्ञ माणूस बिचकते. तो निवृत्त असला तरी दुसऱ्या कंपन्यांना सल्ला देतो, विद्यार्थ्यांना शिकवतो, त्याचं ज्ञान आपण बांधून ठेवू शकत नाही. आमच्या हमीपत्रात गोपनीय म्हणून चारच गोष्टी होत्या: मशीनचे कोटेशन आणि त्यावरची चर्चा, कर्जाचे कागद, सभासदांची वैयक्तिक माहिती, आणि खरेदीदारांसोबतचे भाव. साल का फाटते, मेणाचं द्रावण किती पातळ ठेवायचं, पाणी कसं गाळायचं हे त्यांचं शास्त्र आहे, ते त्यांनी कुठंही सांगावं.

सोबत सूट पण लिहायची. जी माहिती आधीच सगळ्यांना माहीत आहे, जी त्यांना आमच्याकडून नाही तर दुसरीकडून कळली, किंवा जी कायद्यानं किंवा कोर्टानं मागितली, ती या बंधनात येत नाही. आणि मुदत लिहायची. आम्ही दोन वर्षं ठेवली, कारण दोन हंगामांनंतर त्या कोटेशनला काही किंमत राहत नाही. सभासदांच्या माहितीला मात्र मुदत नाही, ती कायमची.

सभासदांची माहिती द्यावीच लागली तर?

नावाशिवाय द्या. सरांना क्षमता ठरवायला सभासद १, सभासद २ असं पुरते, गाव आणि टन कळले की झालं. मी नंतर सातबारा, आधार, बँक खातं असं काही असलेला एकही कागद बाहेर जाऊ दिला नाही. व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा पण आहे, पण कायदा नसता तरी ज्या सभासदानं शेअर घेताना विश्वासानं आधारची झेरॉक्स दिली ती मशीनच्या चर्चेत फिरायचं काही कारण नाही.

गोपनीयता फक्त त्यांनीच पाळायची का?

नाही, आपण पण. हे बहुतेक पत्रात राहून जाते. बैठकीत तज्ज्ञ मोकळेपणानं बोलला पाहिजे, एखाद्या मशीनबद्दल "हे घेऊ नका, याची चेन पहिल्याच हंगामात जाते" असं म्हणाला पाहिजे. तेच वाक्य संध्याकाळी कोणा संचालकानं ग्रुपवर टाकलं की सर उद्या त्या मशीनवाल्यासमोर अडचणीत. म्हणून पत्रात आम्ही लिहिलं की बैठकीत कोणी रेकॉर्डिंग करणार नाही, इतिवृत्तात त्यांचं मत त्यांना दाखवून मगच जाईल, आणि त्यांचं नाव किंवा फोटो परवानगीशिवाय जाहिरातीत, बँकेच्या फाईलीत वापरणार नाही. सरांनी नंतर सांगितलं की ही ओळ वाचून ते यायला तयार झाले, कारण आधी कुठंतरी त्यांचा फोटो बॅनरवर लागला होता.

सर म्हणतात मी कुठंही सही करत नाही. आता?

रागावू नका, जबरदस्ती करू नका. बऱ्याच ज्येष्ठ माणसांना सही मागणं म्हणजे अविश्वास वाटते. त्यांना ईमेलवर दोन ओळी लिहून मागा की "पत्रातील गोपनीयतेच्या अटी मला मान्य आहेत", तेवढं पुरते. तेही नको म्हणत असतील तर कोटेशनचे आकडे न दाखवता बैठक घ्या, मशीन अ, मशीन ब, मशीन क असं म्हणून. क्षमता, ब्रश, पाणी यावर बोलायला किंमत लागत नाही. आमची निम्मी चर्चा तशीच झाली.

तज्ज्ञ अजून नोकरीत असेल तर पत्र कोणाच्या नावानं?

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ असो की नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, नोकरीतल्या शास्त्रज्ञाला खाजगी कंपनीच्या बैठकीला यायचं तर वरिष्ठांची परवानगी लागते, मानधन घ्यायचं असेल तर त्याचे नियम वेगळे. म्हणून पत्र संस्थेच्या संचालकांच्या किंवा विभागप्रमुखांच्या नावानं, "आपल्या संस्थेतील अमुक विषयाच्या शास्त्रज्ञांना पाठवावे" असं, आणि प्रत त्या शास्त्रज्ञाला. यात वेळ जाते, पाच-सहा आठवडे हाताशी ठेवा.

अजून एक लक्षात ठेवा. सरकारी संस्थेच्या आवकमध्ये जो कागद गेला तो त्या ऑफिसच्या रेकॉर्डचा झाला, आणि माहिती अधिकारात तो मागता येतो. २००५ च्या त्या कायद्यात व्यापारी गुपिताला कलम ८ मध्ये संरक्षण आहे, पण तो वाद घालत बसण्यापेक्षा गुपित असलेला कागद आवकला टाकूच नका. बैठकीत छापील प्रती द्या आणि उठताना परत घ्या.

त्या तज्ज्ञाचं एखाद्या मशीनवाल्यासोबत आधीच जमत असेल तर कसं कळेल?

सरळ विचारायचं, पण आपली यादी न दाखवता. आम्ही आधी लिहिणार होतो की "अमुक, अमुक आणि अमुक यांच्याशी आपले संबंध आहेत का", मग लक्षात आलं की यातच आपले तिन्ही मशीनवाले उघडे पडतात. म्हणून उलटं विचारलं, मागच्या तीन वर्षांत ग्रेडिंग-वॅक्सिंगच्या मशीन बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या कोणाकडून आपण मानधन, कमिशन, प्रवासखर्च घेतला असल्यास कृपया नावं कळवावी. त्यांनी दोन नावं कळवली, त्यातलं एक आमच्या यादीतलं होतं. म्हणून त्यांना टाळलं का? नाही. त्या मशीनवर बोलताना त्यांनी स्वतःच म्हटलं की यावर मी मत देत नाही, आणि आम्ही ते इतिवृत्तात लिहिलं. लपवलेला संबंध घात करते, सांगितलेला नाही.

वेळ किती लागेल ते कसं लिहायचं? "अर्धा दिवस" लिहिलं तर चालते न?

अर्धा दिवस म्हणजे खोटं. त्यांच्या घरातून निघण्यापासून घरी परत येण्यापर्यंत मोजा. नागपूरहून वरुडला यायला दोन-अडीच तास, तेवढेच परत जायला, बैठक तीन तास, जेवण एक तास, म्हणजे नऊच्या आसपास तास, पूर्ण दिवस झाला. त्याआधी वाचन. आम्ही चौदा पानं पाठवली आणि दोन तास लिहिले. नंतर इतिवृत्त तपासायला अर्धा तास आणि एकदा फोनवर अर्धा तास. हे सगळं पत्रात तसंच मांडा, आणि शेवटी लिहा की याच्या पलीकडं आपल्यावर काही जबाबदारी राहणार नाही, पुढं गरज पडली तर वेगळी विनंती करू. हे वाक्य फार महत्त्वाचं, कारण जाणत्या माणसाला एका दिवसाची भीती नसते, नंतर वर्षभर येणाऱ्या फोनची असते.

बाग पाहायला न्यायचं असेल तर तेही वेळेत धरा. शेवटी "सर, इथून जवळच आहे" असं म्हणून आठ किलोमीटर आत नेणं हे कोणाला आवडत नाही.

तारीख कोणती द्यावी?

दोन तारखा द्या, तीन नको. आठवडी बाजाराचा दिवस टाळा, पोळा आणि त्याचा दुसरा दिवस टाळा, तोडीच्या हंगामात तर संचालकच येत नाहीत. आमची बैठक उन्हाळ्यात होती, मे महिन्यात विदर्भात दुपारी बाराला माणूस गाडीतून उतरला की त्याला बोलायला अर्धा तास लागते, म्हणून आम्ही सर आदल्या संध्याकाळी आले तर मुक्कामाची सोय असं लिहिलं आणि बैठक सकाळी साडेसातला ठेवली. सर मुक्कामाला आले. हा पर्याय दिला तर पत्रात वेळेचा हिशोब पण बदलून लिहा, एक रात्र जास्तीची जाते.

पत्र बैठकीच्या निदान तीन आठवडे आधी गेलं पाहिजे आणि उत्तर कधीपर्यंत हवं ती तारीख त्यात हवी. अजून एक, पत्रात साडेसात लिहिलं तर साडेसातला सुरू करा. आपले संचालक आठ-सव्वाआठला येतात हे मला माहीत आहे, म्हणून मी त्यांना सातचा निरोप दिला होता.

मानधनाचा आकडा लिहायचा का? लाज वाटते.

लिहायचा. "योग्य मानधन" या शब्दामुळं दोन्हीकडं गैरसमज होतात. रक्कम, प्रवासाची गाडी कोण पाठवणार, पैसे किती दिवसात आणि खात्यावर की चेकनं, एवढं लिहा. पॅन नंबर मागवून ठेवा. टीडीएस कापायचा की नाही हे वर्षभरात त्यांना एकूण किती दिलं त्यावर ठरते, ते आपल्या सीएला आधी विचारा, नाहीतर सांगितलेल्या रकमेपेक्षा कमी खात्यात गेली की फोन करून समजावत बसावं लागते.

मानधन आणि सल्ला यांचा संबंध जोडू नका. मशीन घेतली तर इतके, नाही घेतली तर तितके, असं कधीच नाही.

आमचे अध्यक्ष म्हणतात त्यांना तज्ज्ञ संचालकच करून टाकू. तेच नाही का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्पादक कंपनीच्या कायद्यात संचालक मंडळाला तज्ज्ञ संचालक स्वीकृत करता येतात, एकूण संचालकांच्या एक-पंचमांशापर्यंत, म्हणजे दहा संचालक असतील तर दोन. पण तो संचालक होते, जबाबदारी येते, निर्णयात बसते. सल्ला-बैठकीला बोलावलेला माणूस पाहुणा आहे, त्याला मत नाही, सहीची जबाबदारी नाही. पत्रात ही ओळ टाका की आपला सहभाग सल्ल्यापुरता राहील आणि निर्णय संचालक मंडळाचा असेल. उद्या मशीन बिघडली तर सभासद त्यांच्या घरी जाणार नाहीत याची ती एक प्रकारे हमी आहे.

तुमचं पत्र दाखवा.

नावं आणि तारखा काढून देतो. तुमचे प्रश्न वेगळे असतील, ते बदला, बाकी सांगाडा चालते.

> प्रति,
> मा. डॉ. ........, नागपूर
>
> विषय: संत्रा ग्रेडिंग व वॅक्सिंग लाईनच्या क्षमतेबाबत सल्ला-बैठकीचे निमंत्रण
>
> महोदय,
> सप्रेम नमस्कार. दि. .... रोजी फोनवर बोलणे झाल्याप्रमाणे हे पत्र देत आहोत. आमच्या कंपनीच्या ४१२ सभासदांसाठी ग्रेडिंग-वॅक्सिंग लाईन घ्यायची आहे. ती किती क्षमतेची असावी याचा निर्णय संचालक मंडळ पुढील महिन्यात घेणार आहे. त्याआधी खालील तीन प्रश्नांवर आपला सल्ला हवा आहे.
> १) आंबिया बहारात दिवसाला जास्तीत जास्त ४० टन आवक असताना ताशी किती टनाची लाईन पुरेशी होईल?
> २) ढिल्या सालीचे फळ फाटू नये यासाठी ब्रश व वेग कसा असावा, व ते मशीन पाहताना कसे तपासावे?
> ३) धुण्यासाठी पाणी किती लागेल व त्याचा पुनर्वापर कसा करता येईल?
>
> वेळ: वाचन सुमारे २ तास (१४ पाने), बैठक सकाळी ७.३० ते १०.३०, नंतर इतिवृत्त तपासणे व एक फोन मिळून १ तास. आदल्या संध्याकाळी नागपूरहून गाडी येईल, मुक्कामाची सोय आहे, बैठकीच्या दिवशी दुपारी २ पर्यंत आपण घरी पोहोचाल. यापुढे आपल्यावर कोणतेही बंधन राहणार नाही. बैठकीसाठी दि. .... किंवा दि. .... यापैकी सोयीची तारीख कळवावी.
>
> गोपनीयता: बैठकीची कागदपत्रे आपला होकार व सोबतचे एक पानी हमीपत्र मिळाल्यावर पाठवू. आमच्याकडूनही बैठकीचे रेकॉर्डिंग होणार नाही, आपले मत आपणांस दाखवूनच इतिवृत्तात घेऊ व आपले नाव परवानगीशिवाय कोठेही वापरणार नाही.
>
> मागील तीन वर्षांत या प्रकारच्या मशीन बनवणाऱ्या वा विकणाऱ्या कोणाशी आपला आर्थिक संबंध आला असल्यास कृपया नावे कळवावीत. त्यामुळे निमंत्रण रद्द होणार नाही.
>
> मानधन रु. .... बैठकीनंतर १० दिवसांत खात्यावर जमा होईल. आपला सहभाग सल्ल्यापुरता राहील, निर्णय संचालक मंडळाचा असेल. कृपया दि. .... पर्यंत कळवावे.
>
> आपला,
> अध्यक्ष

सही अध्यक्षांची की मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची?

पत्र अध्यक्षांच्या सहीनं गेलं तर समोरच्याला मान वाटते. पण त्याआधी मंडळाच्या बैठकीत एक छोटा ठराव घेऊन ठेवा, कोणाला, कशासाठी, किती मानधनावर बोलावतो. आमच्याकडं एका संचालकानं नंतर विचारलंच की "हे पैसे कोनं मंजूर केले?" ठरावाचं पान दाखवलं, विषय मिटला.

पत्र गेलं, दहा दिवस झाले, उत्तर नाही.

फोन करा, आणि "पत्र मिळालं का" एवढंच विचारा. बऱ्याचदा ईमेल पाहिलेलाच नसतो, म्हणून आम्ही ईमेल आणि छापील प्रत स्पीड पोस्टनं, असं दोन्ही पाठवतो. नाही म्हणाले तर त्यांनाच विचारा की दुसरं कोण योग्य राहील, आम्हाला हे सर असेच मिळाले. तज्ज्ञ दुसऱ्या राज्यातला असेल, समजा लुधियानाच्या काढणीपश्चात तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेतला, तर पत्र हिंदी किंवा इंग्रजीत लिहा आणि ऑनलाईन बसायचा पर्याय द्या. फक्त लाईट आणि नेटवर्कचं आधी पाहून घ्या, आम्ही इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे सिम ठेवतो. ऑनलाईन असेल तर कोटेशन स्क्रीनवर दाखवू नका, समोरून स्क्रीनशॉट घेतला तर आपल्याला कळत पण नाही.

बैठक झाल्यावर कागदांचं काय?

छापील प्रतींवर आम्ही पेनानं नंबर टाकतो, १ ते १२, आणि कोणाला कोणता नंबर दिला ते वहीत. उठताना मोजून परत घेतो. मागच्या वेळी ७ नंबरची प्रत कमी निघाली, सगळे थांबले, शेवटी एका संचालकाच्या दुपट्ट्यात गुंडाळलेली सापडली. ईमेलनं पाठवलेल्या फाईली पुसून टाकाव्या असं हमीपत्रातच लिहिलेलं असते, सरांनी त्याच आठवड्यात "फाईली काढून टाकल्या" असा दोन ओळींचा मेल पाठवला. तो मेल छापून हमीपत्रासोबत त्याच फाईलीत लावून ठेवला आहे.